वीजबिल अनुकूल आहे

दर महिन्याला बजेट आणि प्रत्यक्ष आकड्यांतल्या फरकाचा अहवाल तपासणं माझ्या नशिबी आहे. आमचा कारखाना भोसरीतला, छोटासा. परवा अहवाल उघडला तर वीजबिल बजेटात 5 लाख, प्रत्यक्षात 7 लाख, आणि पुढे हिरव्या अक्षरांत ‘अनुकूल’. असेलही. वीज कंपनीला.

कच्चा माल 45 लाखांवरून 48 वर गेला होता, तोही अनुकूल. मजुरी मात्र 12 ची 11 झाली म्हणून बिचारी लाल, ‘प्रतिकूल’! सगळ्या फरकांची बेरीज 9 लाख अनुकूल, आणि तळाशी नफा 16 लाखांवरून 15. एवढ्या अनुकूलतेत नफा घटतो कसा?

सेलवर टिचकी मारली तेव्हा उलगडा झाला. बी रकान्यात बजेट, सी रकान्यात प्रत्यक्ष:

```
=IF(C5>=B5,"अनुकूल","प्रतिकूल")
```

विक्री 80 ची 84 झाली, तिथे हे बरोबरच. पण नव्या पोरानं तेच सूत्र धरून पार तळापर्यंत ओढलं होतं. खर्चाला हा न्याय लावला तर जो जास्त उधळेल तो शहाणा.

मी खर्चाच्या ओळींत चिन्ह फिरवलं. आता बेरीज 1 लाख अनुकूल आली, नफ्यातला फरक मात्र 1 लाख प्रतिकूल. तफावत 2 लाखांची. आमच्यात एक जुनी युक्ती आहे. वजा करायची रक्कम चुकून मिळवली, तर तफावत तिच्या दुप्पट पडते. म्हणून तफावतीचं अर्ध करायचं आणि तेवढा आकडा शोधायचा. अर्ध झालं 1 लाख. डोळ्यांसमोर पहिली 1 लाखाची ओळ मजुरीची. नुकतीच अनुकूल केलेली ती ओळ मी पुन्हा प्रतिकूल केली. (रात्रीचे साडेआठ वाजले होते. त्या वेळी 12 मोठे की 11, हे मला विचारू नये.) बेरीज पैशाला पैसा जुळली! अहवाल पाठवला आणि चहा मागवला.

सकाळी फोरमनमामा टेबलाशी उभे. “साहेब, लाख रुपये वाचवले ते प्रतिकूल होय? मग पुढच्या महिन्यात उधळतो!”

पुन्हा अहवाल उघडला. विक्रीच्याच गटात, तिच्या पदराआड, ‘परत आलेला माल’ बसला होता : 2 लाखांचा 3 झालेला, आणि अनुकूल! उत्पन्नाच्या गटातला म्हणून मी त्याला हातच लावला नव्हता. खरा चोर तो, 1 लाखाचाच. मजुरीची चूक त्याच्या उलट दिशेची, म्हणून दोघांनी एकमेकांना झाकलं आणि बेरीज साळसूदपणे जुळली.

सुधारित अहवाल पाठवणार, तोच मोठ्या साहेबांची मेल येऊन पडली : “मजुरीवर लक्ष ठेवा. परत आलेल्या मालाची कामगिरी उत्तम, असंच चालू द्या.”