रॉड की प्लेट: घट्टपणाचा गैरसमज

"मांडीचं किंवा नडगीचं हाड मधोमध मोडलं तर डॉक्टरांना प्लेटच बसवायला सांगा. प्लेट घट्ट धरते म्हणून हाड लवकर जुळतं. रॉड टाकताना आतली मज्जा खरवडतात, त्याने हाडाचं रक्त कायमचं बंद होतं. रॉड आत हलतो, म्हणून फोटोत महिनोन्‌महिने फट दिसते. चीर लहान, एवढाच काय तो रॉडचा फायदा."

हा मजकूर मला पहिल्यांदा एका पेशंटनेच मोबाइलवर दाखवला. बत्तीस वर्षांचा रिक्षाचालक. नडगी मधोमध आडवी मोडलेली, दुसरीकडे प्लेट बसवलेली, आणि पाचव्या महिन्यात ती प्लेट एका रिकाम्या भोकापाशी तुटलेली. त्याला वाटत होतं प्लेटचा माल हलका होता. माल ठीक होता. त्याचाच फोटो समोर ठेवून बोलू.

आधी घट्टपणा. हाड दोन तऱ्हांनी जुळतं. तुकडे एकमेकांवर अगदी फटीशिवाय दाबून बसवले आणि काहीच हललं नाही, तर नवं हाड थेट एका तुकड्यातून दुसऱ्यात शिरतं. गाठ दिसत नाही, फोटो सुरेख येतो, पण हे काम अतिशय संथ चालतं आणि तोवर भार धातूवर असतो. दुसरी तऱ्हा निसर्गाची: मोडीभोवती कॅलसची, म्हणजे नव्या हाडाची गाठ धरते. त्या गाठीला किंचित हालचाल लागते. अगदी गच्च आवळलं तर ती धरतच नाही.

किंचित म्हणजे किती, याचा हिशेब स्विस संशोधक पेरेन यांनी मांडला. हालचालीला फटीच्या रुंदीने भागायचं. उत्तर 2 टक्क्यांच्या आत असेल तरच तिथे हाड तयार होऊ शकतं, कूर्चा साधारण 10 टक्क्यांपर्यंत टिकते, आणि अगदी सुरुवातीची मऊ ऊती 100 टक्के ताणही सोसते. आता रिक्षावाल्याची नडगी. प्लेट एका बाजूला घट्ट होती, पण समोरच्या बाजूला सुमारे 1 मिलिमीटर फट राहून गेली होती. पाऊल टाकताना तिथे 0.3 मिलिमीटर हाललं असं धरा. ताण झाला 30 टक्के. हाड तर सोडाच, कूर्चासुद्धा तिथे तगणार नाही. तीच 0.3 मिलिमीटरची हालचाल चुरा झालेल्या 15 मिलिमीटरच्या पट्ट्यात वाटली गेली असती तर ताण 2 टक्क्यांवर आला असता. म्हणजे साध्या दिसणाऱ्या आडव्या मोडीत प्लेट लावताना चुकीला जागाच नसते: एकतर फट पूर्ण दाबून बंद करा, नाहीतर हाड जुळत नाही. आणि हाड जुळत नाही तोवर प्लेट दर पावलाला वाकते आणि सरळ होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच.

रक्ताचा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणून तो जास्त पसरतो. लांब हाडाच्या भिंतीचा आतला साधारण दोन-तृतीयांश भाग पोकळीतल्या धमनीवर जगतो आणि बाहेरचा भाग वरच्या आवरणावर. रॉडसाठी पोकळी कोरून रुंद करणारा रीमर फिरवला की आतला पुरवठा बिघडतो. पण कायमचा नाही. बाहेरच्या आवरणातलं रक्त वाढतं आणि आतल्या वाहिन्या काही आठवड्यांत पुन्हा उगवतात. शिवाय रीमरने निघालेला हाडाचा भुसा मोडीत जाऊन बसतो, तेवढाच कलमाचा फायदा. नडगीवरच्या 2008 च्या स्प्रिंट या मोठ्या चाचणीत, कातडी न फाटलेल्या मोडींमध्ये रीम करून टाकलेल्या रॉडना पुन्हा ऑपरेशन कमी लागलं. कातडी फाटलेल्या मोडींमध्ये तो फरक दिसला नाही.

उलट प्लेटसाठी मोड उघडायची तर गोठलेलं रक्त निघून जातं, आवरण सोलावं लागतं. नडगीचा आतला पृष्ठभाग हाताने चाचपा: कातडीखाली थेट हाड. तिथली जखम उघडली तर झाकायला स्नायू नाही. हल्ली लहान चिरांमधून प्लेट सरकवतात, त्याने हे नुकसान बरंच कमी होतं, हेही मान्य.

रीमिंगचे खरे धोके वेगळेच आहेत. बोथट रीमर अरुंद पोकळीत जोर लावून फिरवला तर हाड भाजतं. म्हणून अर्ध्या मिलिमीटरने वाढवत जायचं, आणि रक्त अडवणारा टूर्निकेटचा पट्टा आवळलेला असताना रीम करायचं नाही, कारण थंड करणारं रक्तच तिथे नसतं. छातीला जबर मार असेल तर मज्जेतली चरबी फुप्फुसात जाण्याची भीती असते. अशा पेशंटला काही दिवस बाहेरची फ्रेम लावून रॉड नंतर टाकतात.

रॉड हलण्याची भीती मात्र आजोबांच्या काळातली आहे. जर्मनीत क्युन्चर यांनी 1939 मध्ये पहिली नेल, म्हणजे असाच रॉड, टाकली. आपल्याकडे जुने लोक अजून 'के-नेल' म्हणतात ती हीच. तिला दोन्ही टोकांना स्क्रू नव्हते. मधल्या आडव्या मोडीत ती छान चाले, पण चुरा असेल तर पाय आखूड होई किंवा फिरे. आजच्या रॉडमध्ये वर-खाली आडवे स्क्रू असतात, त्यामुळे लांबी आणि फिरकी दोन्ही धरली जातात. राहते ती थोडी लवचीकता, आणि तीच हवी असते. रॉड हाडाच्या मध्यावर असल्याने भार हाड आणि धातू वाटून घेतात, एका कडेला बसलेल्या प्लेटसारखा तो वाकत नाही.

मग फोटोतली फट? फटीकडे नाही, कडांकडे पाहा. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन फोटोंत मिळून चार कडा दिसतात. त्यातल्या तीन कडांवरून कॅलसचा पूल गेला आणि चालताना दुखत नसलं, तर हाड जुळलं. मधली रेघ नंतर हळूहळू पुसते. सहा महिन्यांनीही पूल नसेल, वजन टाकल्यावर दुखत असेल किंवा आडवा स्क्रू तुटला असेल, तर मात्र खरंच काळजी करा.

प्लेट वाईट म्हणणाराही चुकेलच. प्रौढांच्या कोपर ते मनगटातल्या दोन्ही हाडांना मी प्लेटच लावतो. ती दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात म्हणून तळहात वर-खाली होतो, आणि बाहेरच्या हाडाची नैसर्गिक कमान थोडी जरी हरवली तरी ती फिरकी अडते. दंडाच्या हाडात दोन्ही चालतात, पण वरून टाकलेल्या रॉडने खांदा जास्त कुरकुरतो. सांध्याजवळ पोकळी रुंदावते, तिथे रॉड सैल पडून हाड वाकडं जुळू शकतं.

आता त्या रिक्षावाल्याचं पुढे काय केलं ते. तुटलेली प्लेट काढली, जंतुसंसर्ग नाही याची तपासणी केली. शेजारचं बारीक हाड आधीच जुळून टेकूसारखं उभं होतं, ते मोडीला दबू देत नव्हतं, म्हणून त्यातला छोटा तुकडा काढला. पोकळी 12 पर्यंत रीम करून 11 मिलिमीटरचा रॉड टाकला, एका टोकाचा स्क्रू लांबट भोकात ठेवला, म्हणजे चालताना मोड दाबली जाईल. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन वजन टाकायला लावलं. दहाव्या आठवड्यात कॅलस दिसला, पाचव्या महिन्यात तीन कडा भरल्या.

रिक्षा तो आता चालवतो. मशिदीत गुडघे टेकताना पुढे टोचतं, अशी तक्रार आहे. रॉड गुडघ्याच्या खालूनच आत जातो, आणि हा त्रास अनेकांना राहतो. रॉड काढूनही तो जाईलच असं नाही, हे मी त्याला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं.