करडी पार्श्वभूमी आणि आपला ‘द्राविडी प्राणायाम’

एआय साधनाकडून वस्तूचे चित्र आधी करड्या पार्श्वभूमीवर मागवावे आणि मग ती वस्तू कापून पोस्टरवर ठेवावी, असे मी एका लेखात सुचवले होते. त्यावर आलेली प्रतिक्रिया: “आता सूचनेत ‘पारदर्शक पार्श्वभूमी’ एवढे लिहिले की साधन थेट तयार पीएनजी देते. मग आधी करडी पार्श्वभूमी, नंतर कटआउट, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? लेखकाने हे काम स्वतः कधी केले असावे असे वाटत नाही. सावलीबद्दलही एक शब्द नाही.”

नमस्कार.

सावलीचे मान्य. ती वेगळ्या लेयरवर, मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवावी, एवढे वाक्य लेखात हवे होते.

मात्र मी हे काम कधी केले नसावे, हा निष्कर्ष आपण कशावरून काढलात? पेन टूलने बाटल्यांच्या कडा कापण्यात माझी बारा वर्षे गेली आहेत. गडद निळ्या पोस्टरवर बाटलीभोवती पांढरी किनार छापून आलेला गठ्ठा मी पाहिला आहे आणि त्याच्या पुनर्छपाईचे पैसेही माझ्याच खिशातून गेले आहेत. करडी पार्श्वभूमी मला तिथे सुचली, एखादा व्हिडिओ पाहून नव्हे.

ती किनार कुठून येते ते पाहा. कडेवरचा पिक्सेल अर्धा वस्तूचा, अर्धा पार्श्वभूमीचा असतो. काळा ० ते पांढरा २५५ या मापात बाटलीचा रंग ४० आणि मागचा पांढरा २५५ धरला, तर कडेवर सुमारे १४८ मिळतो. कटआउट करताना त्या पिक्सेलची पारदर्शकता पन्नास टक्के झाली, तरी त्यात मिसळलेला पांढरा तसाच राहतो. २० मूल्याच्या गडद पोस्टरवर तिथे ३० दिसायला हवे, पण दिसते ८४, आणि तीच आपली किनार. मागे १२८ चा करडा असता, तर ५२ दिसले असते. चूक उरतेच, पण ती डोळ्यांत खुपत नाही आणि कडेचा रंग थोडा दुरुस्त केला की भागते.

राहिली आपली ‘तयार पीएनजी’. काही साधने खरा अल्फा चॅनेल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या पारदर्शकतेची नोंद, देतात, हे मला ठाऊक आहे. पण अनेक साधने पारदर्शकतेऐवजी तिचे चित्र काढतात, म्हणजे करड्या-पांढऱ्या चौकटी पिक्सेलांतच रंगवून देतात. फाइलीच्या नावापुढे पीएनजी असल्याने त्या चौकटी पुसल्या जात नाहीत. खरा अल्फा मिळाला, तरी काचेची बाटली पुष्कळदा पूर्ण अपारदर्शक येते आणि काचेतून पोस्टर दिसण्याऐवजी साधनाने कल्पिलेली फिकी खोली दिसते. तिथे काचेचा भाग मास्कने हातानेच पातळ करावा लागतो. आपण बहुधा डबे आणि खोकीच करून पाहिली असावीत. त्यांना हा प्रश्न येत नाही.

आपली एखादी ‘तयार’ बाटली गडद निळ्या लेयरवर ठेवा, तीनशे टक्के मोठी करा आणि मानेची कड पाहा. किनार दिसली नाही तर अवश्य कळवा, फक्त या वेळी जरा बऱ्या भाषेत.