टेबलातली मॅक्झिमम डिफ्लेक्शन्स मिळवली की झालं?

«सुपरपोझिशन म्हणजे काय, तर प्रत्येक लोडचं मॅक्झिमम डिफ्लेक्शन टेबलातून उचला आणि बेरीज करा. टेबलात केस नसेल तर इंटिग्रेशनला पर्याय नाही. बीम कुठलाही असो, ही पद्धत चुकत नाही.»

पहिल्या वाक्यावर इतक्या जणांचा विश्वास का बसतो, ते आधी पाहू. साधा सिम्पली सपोर्टेड बीम असेल आणि सगळे लोड खाली असतील, तर त्या बेरजेने फारसं बिघडत नाही. पॉइंट लोड स्पॅनवर कुठेही ठेवा, त्याचं मॅक्झिमम डिफ्लेक्शन मध्यापासून ०.०७७ स्पॅनच्या आतच येतं. ६ मीटरच्या बीमला हे अंतर फार तर ४६ सेंटिमीटर. तिथे वक्र जवळजवळ सपाट असतो, म्हणून वेगवेगळ्या जागांचे आकडे मिळवले तरी उत्तर केसभर जास्त येतं. परीक्षेत गुण मिळतात आणि सवय पक्की होते.

आता त्याच बीमला एका बाजूला ओव्हरहँग द्या. दोन सपोर्टमध्ये ६ मीटर, उजव्या सपोर्टच्या पुढे २ मीटर. सपोर्टमधल्या भागावर १० किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल, मोकळ्या टोकावर १५ किलोन्यूटनचा पॉइंट लोड. सेक्शन आयएसएमबी ३०० च्या आसपासचा, म्हणजे EI साधारण १७,२०० किलोन्यूटन-मीटर वर्ग. बीमचं स्वतःचं वजन सोडून देऊ.

मध्यावर काय होतं? यूडीएलमुळे `5wL⁴/384EI`, म्हणजे ९.८१ मिमी खाली. टोकावरचा लोड उजव्या सपोर्टपाशी १५ × २ = ३० किलोन्यूटन-मीटरचा हॉगिंग मोमेंट देतो आणि तो मोमेंट स्पॅनचा मध्य वर उचलतो: `ML²/16EI`, म्हणजे ३.९२ मिमी वर. मध्यावर उरतं ५.८९ मिमी. टेबलातून या मोमेंटचं मॅक्झिमम उचललंत तर मिळेल ४.०३ मिमी, पण ते डाव्या सपोर्टपासून ३.४६ मीटरवरचं आहे, मध्यावरचं नाही. चिन्ह न बघता बेरीज केली तर १३.८४, म्हणजे खऱ्याच्या दुपटीहून जास्त. चिन्ह बघून वजाबाकी केली तर ५.७८, म्हणजे आता खऱ्यापेक्षा कमी. ही चूक आकाराने लहान आहे, पण ती धोक्याच्या बाजूला आहे.

बेरीज करायची ती एकाच बिंदूवरच्या डिफ्लेक्शनची, आणि चिन्हासकट. खरं मॅक्झिमम हवं असेल तर दोन्ही वक्रांची समीकरणं मिळवून स्लोप शून्य कुठे होतो ते शोधावं लागतं. इथे ती जागा डाव्या सपोर्टपासून २.७५ मीटरवर येते आणि तिथे ५.९४ मिमी भरतं. मध्यावरच्या ५.८९ हून फरक इतका थोडा आहे की रोजच्या कामाला मध्याचा आकडा पुरतो. पण तो मध्याचा आहे, हे माहीत असायला हवं.

आता मोकळं टोक. ओव्हरहँगची केस छोट्या टेबलात नसते, म्हणून अनेक जण इथे थेट इंटिग्रेशनला बसतात. काही जण त्याहून वाईट करतात: सरळ कँटिलिव्हरचं `Pa³/3EI` लावतात आणि २.३३ मिमी खाली लिहून मोकळे होतात. कँटिलिव्हरचा सपोर्ट वळत नाही, या बीमचा मात्र वळतो. तेवढं वळणं जोडलं की टेबलातल्या तीन साध्या केसेसमध्ये काम होतं.

पहिली, कँटिलिव्हर म्हणूनच: २.३३ मिमी खाली. दुसरी, ३० चा मोमेंट उजव्या सपोर्टपाशी बीमला `ML/3EI` इतका फिरवतो. ६०/EI हा स्लोप गुणिले २ मीटर, म्हणजे टोक आणखी ६.९८ मिमी खाली. तिसरी, यूडीएल त्याच सपोर्टपाशी बीमला उलट्या दिशेने फिरवतो: `wL³/24EI`, म्हणजे ९०/EI. त्याला २ मीटरने गुणलं की टोक १०.४७ मिमी वर.

तिन्ही मिळवा. टोक १.१६ मिमी वर जातं. त्यावर दीड टनाचा लोड असताना!

हे पटत नसेल तर प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन पेन्सिलींवर ठेवा. एका बाजूला चार बोटं बाहेर राहू द्या आणि मधोमध बोटाने दाबा. बाहेरचं टोक उठताना डोळ्यांना दिसेल. त्या टोकावर खोडरबर ठेवून मधोमध दाबलंत तरी ते उठेल. दाब सोडत गेलात की खोडरबरासकट टोक परत खाली येईल.

तो दाब सोडणं हिशेबातही महत्त्वाचं आहे. समजा १० पैकी ४ डेड लोड आणि ६ लाइव्ह लोड. लाइव्ह लोड स्पॅनवर नसेल आणि टोकावरचा लोड असेल, तर वर उचलणारे १०.४७ फक्त ४.१९ उरतात आणि टोक ५.१२ मिमी खाली येतं. ओव्हरहँगला हीच स्थिती वाईट. मध्याला वाईट स्थिती याच्या उलट: स्पॅन पूर्ण भरलेला, टोक रिकामं, ९.८१ मिमी. तीन आकडे एकदा वेगळे काढून ठेवले की लोडची प्रत्येक मांडणी एका ओळीत तपासता येते. इंटिग्रेशनमध्ये दर वेळी पाटी कोरी करून बसावं लागतं. सुपरपोझिशनची खरी कमाई मला तरी हीच वाटते.

राहिलं शेवटचं वाक्य. लोड दुप्पट केला की डिफ्लेक्शन दुप्पट, आणि एका लोडमुळे दुसऱ्याच्या वेळचा बीम बदलत नाही, या दोन अटींवर ही बेरीज उभी आहे. आरसीसी बीममध्ये डेड लोडला काँक्रीट तडकलेलं नसेल आणि लाइव्ह लोड आल्यावर तडकलं, तर I कमी होतो, आणि तो डेड लोडसाठीही कमी होतो. म्हणून अखंड सेक्शनच्या I ने डेडचं आणि तडकलेल्याच्या I ने लाइव्हचं काढून मिळवायचं नाही. आयएस ४५६ च्या परिशिष्ट सी मध्ये प्रभावी I मोमेंटवर अवलंबून आहे तो याचसाठी. एकूण लोडच्या मोमेंटवरून तो ठरवा आणि सगळ्या लोडना तोच लावा.

स्टीलमध्ये फसायची जागा वेगळी आहे. आपल्याच बीमवर डेड लोड ४ ऐवजी १ किलोन्यूटन प्रति मीटर धरा, हलकं पत्र्याचं छप्पर असावं तसं, आणि लाइव्ह लोड नाही. सूत्रं तुम्हाला टोकाचं डिफ्लेक्शन ८.२६ मिमी खाली असं शांतपणे देतील. पण डाव्या सपोर्टची रिअॅक्शन काढा: यूडीएलचे ३ वर, मोमेंटचे ३० भागिले ६, म्हणजे ५ खाली. रिअॅक्शन उणे २ किलोन्यूटन. बीम तिथे बोल्टने धरलेला असेल तर ८.२६ बरोबर आहे. भिंतीवर नुसता टेकवलेला असेल तर डावं टोक सुटतं आणि बीम उजव्या सपोर्टवरून उलटतो. या मापांना यूडीएल १.६७ च्या खाली गेला की हे घडणार, आणि टेबलातलं एकही सूत्र ते सांगणार नाही. म्हणून डिफ्लेक्शन मिळवायच्या आधी प्रत्येक मांडणीत रिअॅक्शन मिळवा. जिथे ती उणे येईल, तिथे तो सपोर्ट बीमला खाली धरून ठेवणारा आहे का, ते ड्रॉइंगवर बघा.