‘नमस्कार’ कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

*“फोन करणाऱ्याला रिपोर्ट हवा असतो, स्वागत नको. ‘नमस्कार’ काढा, नाव काढा, थेट ‘एक दाबा, दोन दाबा’ सुरू करा. मशीनने गोड बोलायचा आव आणला की डोकं फिरतं.”*

एका पॅथॉलॉजी लॅबच्या फोनवर आपोआप वाजणारा संदेश मी लिहिला, त्यावर आलेली ही प्रतिक्रिया. गोड बोलण्याबद्दल वाद नाही. त्या लॅबच्या संदेशातली जुनी ओळही माझीच होती: “आपले सहर्ष स्वागत आहे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया सर्व पर्याय लक्षपूर्वक ऐका.” घड्याळ लावलं तर पहिल्या पर्यायापर्यंत पोचायला बारा सेकंद! ते सगळं काढून टाकलं. आता एवढंच उरलंय: “नमस्कार, अमुक लॅब. रिपोर्टसाठी एक दाबा.”

‘नमस्कार’ ठेवलाय तो गिळला जावा म्हणून. कॉल जोडला गेला तरी आवाज पोचायला कधीकधी क्षणभर लागतो. शिवाय रिंग वाजत असताना कित्येक जण फोन कानापासून लांब धरून बसतात. अशा वेळी थेट पर्यायाने सुरुवात केली तर ऐकू येतं “…साठी एक दाबा”. कशासाठी, ते गेलं. ‘नमस्कार’चा अर्धा भाग गेला तरी कुणाचं काही अडत नाही, तेवढ्यात फोन कानाला लागतो. नावाचं काम वेगळं आहे. ते ऐकलं नाही तर पुढचे पर्याय चालू असताना माणूस ‘नंबर बरोबर लागलाय ना?’ यातच अडकतो.

खरी चूक आवाजात झाली होती, आणि ती तुम्ही पकडली नाहीत! रेकॉर्डिंग रिसेप्शनवरच्या ताईंनी केलं. त्या रोज बोलतात तसंच, शेवटी सूर वर नेऊन “नमस्काऽर?” म्हणाल्या आणि थांबल्या. शेजारच्या आजोबांना माझ्यासमोर फोन लावायला सांगितला. ते लगेच सुरू: “हां ताई, माझा शुगरचा रिपोर्ट…” तोवर पहिला पर्याय त्यांच्या बोलण्याखाली वाजून संपला होता. दुसऱ्यांदा सूर खाली आणायला सांगितलं आणि ‘नमस्कार’ला नाव जोडून घेतलं, मध्ये जागाच ठेवली नाही. आजोबा गप्प ऐकत राहिले. थांबायची जागा आता प्रत्येक पर्यायानंतर आहे, कारण फोन कानावरून काढून कीपॅड उघडायला वेळ लागतो.

आणि “एक दाबा, रिपोर्टसाठी” असा क्रम मात्र नको. आपलं काम कानावर पडेपर्यंत आकड्याकडे कोण लक्ष देतं? काम आधी आलं, की लगेच मागून येणारा आकडा लक्षात राहतो.

तुमच्या घाईवर उपाय वेगळा आहे: ओळ चालू असतानाच बटण दाबता यायला हवं. काही ठिकाणी ते बंद असतं, मग दाबलेलं बटण वाया जातं आणि पुन्हा दाबावं लागतं. इथे ते चालू आहे. ‘न’ ऐकू येताच एक दाबून बघा, ‘मस्कार’ ऐकावा लागणार नाही.