प्रेसवर बोटं गेली, पण रॅम खाली का आला?

"अपघात झाला की पाच वेळा 'का' विचारा, मूळ कारण सापडतं. बहुतेक वेळा तो कामगाराचा निष्काळजीपणाच निघतो. फॉल्ट ट्री, म्हणजे कारणांचं झाड काढणं, ही क्षेपणास्त्रवाल्यांची कामं, आपल्या वर्कशॉपला नकोत." असं म्हणणारे वर्कशॉपमध्ये भेटतात.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपचा तपास बघा. की-क्लचच्या प्रेसवर ऑपरेटरची दोन बोटं डायमध्ये चिरडली. का? हात आत होता. का? चिकटलेला पार्ट काढत होता. हातानेच का? चिमटा घेतला नाही. का? घाई होती. घाई का? निष्काळजीपणा. त्याला लेखी समज देऊन अहवाल बंद झाला. "पाय पेडलवर नव्हता," असं तो सांगत होता, पण रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली का आला हे पाचपैकी एकाही प्रश्नाने विचारलं नाही. पाच 'का' एकाच फांदीवरून खाली उतरतात. फांदी चुकली, तर पन्नास वेळा विचारूनही फरक पडत नाही.

फॉल्ट ट्री १९६२च्या सुमारास बेल लॅबमध्ये मिनिटमन क्षेपणास्त्रासाठी तयार झाली, हे खरं. पण तिला आकडेमोड लागतेच असं नाही, कागद-पेन्सिल पुरते. सर्वात वर लिहा: 'रॅम खाली येताना हात डायमध्ये'. त्याखाली 'आणि'चं गेट, त्याला तीन फांद्या: हात आत गेला, रॅम खाली आला, हात अडवणारं गार्ड नव्हतं. तिन्ही एकत्र आल्याशिवाय बोट जात नाही. मग रॅमच्या फांदीखाली 'किंवा': पेडल दाबलं गेलं किंवा स्ट्रोक आपोआप रिपीट झाला. रिपीट कशाने? रॅमला फिरत्या चाकाशी जोडणारी क्लचची 'की' झिजली, तिला सोडवणाऱ्या लॅचची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक ढिला पडला. यातलं प्रत्येक कारण मशिन उघडून तपासता येतं. इथे स्प्रिंग तुटलेली निघाली. लॅच जागेवर परतला नाही, म्हणून 'की' गुंतलेलीच राहिली आणि पेडल सोडूनही दुसरा स्ट्रोक आला.

आता पाच 'का' इथे लावा. स्प्रिंग तुटलेली कुणाला का दिसली नाही? शिफ्ट सुरू होताना रिकामे स्ट्रोक मारून रॅम वर थांबतो का, हे बघायची पद्धतच नव्हती. याची दुरुस्ती करता येते. निष्काळजीपणाची दुरुस्ती काय करणार?

गार्डच्या फांदीवर तर कुणी बोलतच नाही. धोकादायक भागांना कुंपण घालण्याची जबाबदारी २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम २१ने कारखान्यावर टाकली होती, ऑपरेटरच्या सावधपणावर नाही. इथे हात आत येताच मशिन थांबवणारा प्रकाशकिरणांचा लाइट कर्टन बसवून भागत नाही, कारण की-क्लचचा प्रेस एकदा सुटला की मध्येच थांबत नाही. डायभोवती फिक्स गार्डच हवं आणि पार्ट आत सरकवायला पट्टीएवढीच फट.

झाडात आपण लिहू तेवढ्याच फांद्या दिसतात, ही त्याची खरी मर्यादा. म्हणून कागदाभोवती मॅनेजरबरोबर तो ऑपरेटर आणि क्लच उघडणारा फिटरही बसायला हवा.