फासे भरपाई करत नाहीत, वाटा मोजून बघा

"दहा फासे टाकले की बेरीज ३५ च्या आसपासच येते कारण निसर्ग मोठ्या आकड्यांची भरपाई लहान आकड्यांनी करतो, यालाच सेंट्रल लिमिट थिअरम म्हणतात. म्हणून लुडोत बराच वेळ सहा पडला नसेल तर आता पडणारच. आणि फासे जितके जास्त तितकी बेरीज पक्की."

बोरिवली लोकलमधल्या लुडोवाल्यांपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे हे फिरतंय, आणि शाळेतली पोरं खरं मानतायत म्हणून लिहितोय.

पहिलं भरपाईचं. फाशाला मागचं दान आठवत नाही, वीस वेळा सहा नाही पडला तरी एकविसाव्या वेळी शक्यता सहातली एकच. मग बेरजांच्या शक्यतांचा आलेख काढला की मधे उंच आणि कडेला उतरता असा घंटेचा आकार येतो कुठून? निव्वळ मोजणीतून. तीन फासे घ्या. ९ आणि १० दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारे जुळतात, पण फासे वेगवेगळे आहेत हे विसरू नका, ६-२-१ हे सहा क्रमांनी पडू शकतं, ५-२-२ तीन क्रमांनी आणि ३-३-३ फक्त एकाच. असं सगळं मांडलं की २१६ पैकी ९ ला २५ वाटा, म्हणजे पडण्याचे वेगवेगळे क्रम, मिळतात आणि १० ला २७. हे कोडं गॅलिलिओनेही असंच मोजून सोडवलं होतं. आणि बेरीज ३ ला? एकच वाट, तिन्ही फाशांवर एक. कोणी कोणाला मधे ओढत नाही, मधल्या बेरजांना वाटाच जास्त आहेत बस. दहा फाशांवर ६० यायला ६,०४,६६,१७६ मधली एकच वाट आहे!

"जास्त फासे, पक्की बेरीज" हे तर उलटंच आहे. बेरजेचा पसरट­पणा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, तो दहा फाशांना साधारण ५.४ येतो आणि शंभर फाशांना १७, म्हणजे बेरीज जास्त इकडेतिकडे जाते. आकसतो तो सरासरीचा पसरटपणा, कारण फासे दहापट झाले पण बेरजेचा पसरटपणा तिपटीपेक्षा थोडाच जास्त वाढला.

सेंट्रल लिमिट थिअरम खरं तर एवढंच सांगतो की बऱ्याच फाशांच्या बेरजेला घंटेचा आकार येतो. आता तो कुठे चालत नाही तेही बघा. फासे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. दहाही फासे असे जोडले की सगळ्यांवर नेहमी एकच आकडा येईल, तर बेरीज १०, २०, ३० अशी ६० पर्यंत सहाच प्रकारची, सगळ्या सारख्या शक्यतेच्या, घंटा गायब. याउलट एखाद्या बाजूला झुकणारा खोटा फासा चालतो, घंटा तरी येते, फक्त मध्य सरकतो आणि फासे जास्त लागतात.

अजून एक, ही घंटा मधे छान बसते पण टोकाला फसवते. दहा फाशांवर ६० येण्याची शक्यता घंटेच्या सूत्राने काढली तर खऱ्यापेक्षा जवळपास शंभरपट जास्त येते, तिथे सूत्र सोडा आणि सरळ वाटा मोजा.