झोपाळ्याला एक्क्याण्णव टक्के

गेल्या रविवारी आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटातील एका सद्गृहस्थांनी मला चारचौघांत 'झोपाळातज्ज्ञ' अशी हाक मारली. ती हाक पूर्णपणे रास्त होती, म्हणूनच ती अजून डाचते आहे.

घडले ते असे. मुळशीकडे एका घरी तीन दिवस मुक्काम होता. ओसरीच्या खांबाला ध्वनिमुद्रक बांधला आणि परत आल्यावर सारे मुद्रण बर्डनेटच्या हवाली केले. हे साधन ध्वनी तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत कापते आणि प्रत्येक तुकड्यापुढे संभाव्य पक्ष्याचे नाव व शून्य ते एक यांमधला खात्रीचा आकडा मांडते. माझ्या यादीत राखी वल्गुली २१२ वेळा आली होती. बहुतेक आकडे ०.८ च्या वर होते आणि सर्वांत मोठा ०.९१ होता. तिथे वल्गुलींची भरभराट असल्याचे मी गटात जाहीर करून टाकले.

पुढच्या खेपेस तो ०.९१ चा तुकडा मी घरमालक आजोबांना कौतुकाने ऐकवला. त्यांनी डोळे मिटून तो दोनदा ऐकला आणि म्हणाले, "अहो, हा आमचा झोपाळा."

मी हसलो. ते हसले नाहीत. ते उठले, झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी पायाने एक रेटा दिला. कडीतून जो आवाज निघाला तो ऐकून मी लॅपटॉप मिटला.

"किती मार्क म्हणालात?"

"मार्क नव्हेत, आजोबा. शून्य पूर्णांक एक्क्याण्णव."

"म्हणजे एक्क्याण्णव टक्केच की! आमच्या नातवाला दहावीला अठ्ठ्याहत्तर होते." एवढे बोलून त्यांनी आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? झोपाळ्याला एक्क्याण्णव पडले!"

हा आकडा म्हणजे टक्के नव्हेत, हे मी त्यांना अर्धा तास समजावत होतो. ०.९१ चा अर्थ 'शंभरांतले एक्क्याण्णव तुकडे बरोबर' असा होत नाही. शिकवलेल्या नमुन्यांशी हा आवाज किती जुळतो, याचे ते साधनाच्या आतले माप आहे. एका पक्ष्याच्या बाबतीत ०.६ पुरेसे ठरते, तर दुसऱ्याच्या बाबतीत ०.९ सुद्धा फसवते. स्थळ आणि आठवडा भरून दिल्यास त्या भागात न आढळणारे पक्षी गाळले जातात हे खरे. पण वल्गुली तिथे आढळतेच, त्यामुळे गाळणीने तिला सुखेनैव सोडले. शिवाय त्या साधनाच्या नामावलीत कुत्रा आहे, इंजिन आहे, माणसाचा आवाजही आहे. झोपाळा मात्र नाही. त्यात वल्गुलीचा मूळचा सूरच तेल न घातलेल्या बिजागरीसारखा.

"म्हणजे परीक्षकाला आमचा विषयच येत नाही, तरी मार्क दिले," आजोबा म्हणाले. हे वाक्य मला सुचायला हवे होते, याचा राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन मी आधीच करायला हवे होते ते काम केले. ०.५ च्या खालचे, ०.५ ते ०.८ मधले आणि त्यावरचे, अशा तीन गटांतून प्रत्येकी दहा तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडले आणि कानाला यंत्र लावून ऐकले. वरच्या गटातले दहाच्या दहा तुकडे झोपाळ्याचे होते. मधल्या गटात एक वल्गुली सापडली. खालच्या गटात मात्र चार अस्सल वल्गुली होत्या, दूरच्या झाडावर, वाऱ्यात अर्धवट बुडालेल्या. झोपाळा ध्वनिमुद्रकापासून सहा हातांवर होता, म्हणून त्याचा आवाज स्वच्छ आणि आकडा मोठा. खात्रीसाठी ०.८ ची चाळणी लावली असती, तर पक्षी उडाले असते आणि झोपाळा तेवढा उरला असता.

वेळेच्या रकान्याकडे आधी पाहिले असते, तरी इतकी शोभा झाली नसती. मोठे आकडे तिन्ही दिवस चार वाजून दहा मिनिटे ते पावणेपाच याच वेळेत होते. वल्गुली घड्याळ पाहून गात नाही. चहा झाल्यावर आजोबा मात्र घड्याळ पाहून झोके घेतात. शिवाय साखळ्या सुमारे दोन मीटर लांब असल्याने एका झोक्याला तीन सेकंदांहून किंचित कमी वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक तुकड्यात एक कुरकुर हमखास सापडणार. ध्वनिचित्रातही त्या रेघा एकाच अंतराने, कुंपणाच्या खांबांसारख्या उभ्या होत्या. हे सारे दिसत असताना मी फक्त आकडा पाहिला आणि आनंदाने फोन हातात घेतला.

गटात दुरुस्ती लिहून पाठवली. वल्गुलींच्या भरभराटीला एकोणीस जणांनी अंगठे दिले होते. दुरुस्तीला एकाने दिला, आणि तोच पुढे मला झोपाळातज्ज्ञ म्हणाला.

काल आजोबांचा फोन आला होता. कडीला तेल घालायचे सुनेने ठरवले आहे. पण घातल्यावर मार्क कमी होणार असतील, तर ते तिला थांबवणार आहेत.